तांड्यावरच्या मुलाची मातृभाषा दाखल्यावर मराठी आणि जनगणनेत हिंदी: जनगणना आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत सरकार, नवी दिल्ली
प्रत माहितीसाठी: संचालक, जनगणना कार्यालय, महाराष्ट्र, शालेय शिक्षण विभाग आणि मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: मराठवाड्यातील तांड्यांची मातृभाषा हिंदीच्या बेरजेत मोडली जाण्याबाबत.

महोदय,

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षक होतो आणि आता निवृत्त आहे. नोकरीची निम्मी वर्षे बंजारा तांड्यांवरील शाळांत गेली. २०११च्या जनगणनेत त्यांपैकीच एका तांड्याचा प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली होती, म्हणजे ज्या आकड्यांविषयी मी हे पत्र लिहीत आहे त्यांतले काही माझ्या हाताने कागदावर उतरले आहेत. माझी स्वतःची मातृभाषा मराठी आहे. तरीही हे पत्र मला लिहावेसे वाटले, कारण ज्या मुलांना मी पहिलीची अक्षरे शिकवली, त्यांच्या घरातली भाषा सरकारच्या एकाही मोठ्या तक्त्यात तिच्या नावाने मोजलेली मला सापडली नाही.

आधी शाळेतली गोष्ट सांगतो. आमच्या जनरल रजिस्टरला मातृभाषेचा रकाना असतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तो उतरतो. तांड्यावरच्या प्रत्येक मुलासमोर मी त्या रकान्यात वर्षानुवर्षे 'मराठी' असे लिहिले. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच लिहिले होते आणि माझ्यानंतरच्यांनीही तेच लिहिले. कुणी तसा लेखी आदेश दिला नव्हता. राज्याची राजभाषा मराठी, शाळेचे माध्यम मराठी, म्हणून मुलाची मातृभाषाही मराठी, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात पहिलीतली ती मुले आईला याडी म्हणत आणि पुस्तकातल्या भाकरीच्या चित्रावर बोट ठेवून बाटी म्हणत. एका मुलीला मी सलग दोन दिवस 'बाटी नाही, भाकरी' असे सांगितल्यावर ती तिसऱ्या दिवशी चित्र दाखवले तरी तोंडच उघडेना. ती मुकी नव्हती आणि मंदही नव्हती. तिच्या भाषेतला बरोबर शब्द मी दोन दिवस चूक ठरवत होतो. तिच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी आहे आणि तो दाखला माझ्या अक्षरात आहे.

आता जनगणनेकडे येतो. आपल्या सूचनांत मातृभाषेची व्याख्या चांगली आणि नेमकी आहे. व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलली ती तिची मातृभाषा, आणि आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. प्रगणकाने ही भाषा आहे की बोली, या वादात पडू नये, माणूस जे नाव सांगेल तेच लिहावे आणि घरातील सर्वांची मातृभाषा एकच असेल असे गृहीत धरू नये, असेही त्यात म्हटले आहे. या व्याख्येत राजभाषेचा संबंध कुठेही येत नाही. परंतु आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी पर्यवेक्षकाने आम्हाला सांगितले की तांड्यावर फार चर्चा करत बसू नका, एकदा मराठी लिहिले की विषय संपतो. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांच्याही हाताखाली बरेच गणना गट होते आणि दिवस मोजके होते. पण व्याख्या कागदावर राहते आणि सोय रकान्यात जाते, ती अशी.

मी सोय न करता एका घरी काय झाले ते सांगतो. घरात सात माणसे होती: म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून, तीन नातवंडे आणि आजीचा धाकटा दीर. २०११च्या कुटुंब अनुसूचीत दहावा प्रश्न मातृभाषेचा होता आणि अकरावा प्रश्न येत असलेल्या इतर भाषांचा, त्यात दोन भाषांपर्यंत नोंद करता येत होती. आजी म्हणाली, 'गोरमाटी'. दीर म्हणाला, 'लमाणी लिहा, सगळे तेच म्हणतात.' सून आदिलाबादकडची, तिने 'लंबाडी' सांगितले, कारण तिकडे आपल्या लोकांना तेच नाव आहे. मुलगा स्वतःसाठी 'बंजारा' म्हणाला, आणि लेकरांची वेळ आली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, 'गुरुजी, पोरांचं मराठी लिहा. उद्या दाखल्याला, नोकरीला अडचण नको.' मी त्याला समजावले की मराठी अकराव्या प्रश्नात लिहिता येते, ती गमावण्याचा प्रश्न नाही. तो तयार झाला नाही आणि सूचनेप्रमाणे मला त्याचे ऐकावे लागले. मी निघालो तेव्हा आजी, सून आणि नातवंडे चुलीपाशी बसून एकाच भाषेत बोलत होती. कागदावर मात्र त्या घरात पाच मातृभाषा होत्या.

हा कागद आपल्या कार्यालयात पोहोचल्यावर पुढे काय होते, ते आकडे प्रसिद्ध झाल्यावर मी समजून घेतले. भाषेचे आकडे २०१८ साली बाहेर आले. देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावे आली होती. त्यांत एकाच भाषेची अनेक नावे, अनेक लेखनभेद आणि काही निव्वळ चुकाही असणार, त्यामुळे छाननी आवश्यक होती हे मला मान्य आहे. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि १,४७४ नावे वर्गीकरणाबाहेर राहिली. ज्यांचे देशात दहा हजार किंवा त्याहून जास्त भाषक आहेत अशा २७० मातृभाषा वेगळ्या दाखवल्या गेल्या आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या गेल्या. छाननीपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार या शेवटच्या पायरीबद्दल आहे, कारण वर्तमानपत्रात, शासनाच्या अहवालात आणि विधिमंडळातील चर्चेत तीच बेरीज वापरली जाते.

त्या बेरजेत हिंदीची संख्या ५२ कोटी ८३ लाख आहे. तिच्या पोटात पन्नासहून अधिक मातृभाषांच्या ओळी आहेत. हिंदी हेच नाव सांगणारे त्यांत सुमारे ३२ कोटी २२ लाख आहेत. उरलेल्या २० कोटींहून अधिक लोकांनी दुसरेच नाव सांगितले होते. त्या ओळींत एक ओळ आहे 'बंजारी', तिच्यापुढे १५,८१,२७१ माणसे. दुसरी ओळ आहे 'लमाणी/लंबाडी', तिच्यापुढे ३२,७६,५४८ माणसे. आंध्रातील बंजारा समाजाचे सुगाली हे नाव तिसऱ्याच ओळीत आहे. गोरमाटी किंवा गोरबोली हे जे नाव तो समाज स्वतः वापरतो, त्याची ओळच नाही.

महोदय, माझ्या त्या घरात एकाच चुलीजवळ बसलेल्या माणसांची भाषा आधी तीन ओळींत तोडली जाते आणि मग तिन्ही ओळी हिंदीत मिळवल्या जातात. त्यांतल्या कुणीही हिंदी हे नाव उच्चारले नव्हते. आजीला तर हिंदी येतही नव्हती, म्हणून तिच्या अकराव्या प्रश्नात मी फक्त मराठी लिहिली होती. अशा प्रकारे त्या नातवंडांच्या घराची भाषा शाळेच्या दाखल्यावर मराठी झाली आणि देशाच्या बेरजेत हिंदी झाली.

वरच्या केवळ दोन ओळी एकत्र केल्या तर ४८ लाख ५७ हजारांहून अधिक लोक होतात. त्याच जनगणनेत नेपाळी २९ लाख, सिंधी २७ लाख, डोगरी २५ लाख आणि कोकणी २२ लाखांच्या घरात आहे, आणि या चारही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. अनुसूचीत कोणती भाषा असावी हा संसदेचा विषय आहे, तो मी येथे उकरून काढत नाही. परंतु संसदेसमोर, विद्यापीठासमोर किंवा आमच्यासारख्या शिक्षकासमोर ही संख्या तिच्या नावाने यायला हवी. आज ती शोधायची तर हिंदीच्या खालची बारीक अक्षरातली यादी वाचावी लागते, आणि ती यादी फार थोडे लोक वाचतात.

या वर्गीकरणाचे कारण मी वाचले आहे. बंजारा बोलीचे नाते राजस्थानीशी आहे, ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातही ते नोंदलेले आहे, आणि राजस्थानी हिंदीखाली मोजली जाते म्हणून लमाणीही तिकडेच. पण नाते असणे आणि तीच भाषा असणे यांत फरक आहे. साहित्य अकादमी राजस्थानीला स्वतंत्र भाषा मानून पुरस्कार देते आणि जनगणनेत मात्र ती हिंदीत असते. आमच्याच राज्यात खानदेशीला जनगणनेने मराठीबाहेर स्वतंत्र भाषेचे स्थान दिलेले आहे, ते योग्यच आहे, पण मग शेकडो वर्षे राजस्थानपासून दूर, मराठी, तेलुगू आणि कन्नडच्या शेजारात वाढलेल्या गोरमाटीला तो न्याय का नाही, याचे उत्तर मला कोणत्याही प्रकाशित तक्त्याखाली मिळाले नाही. मराठवाड्यातले कैकाडी तमिळखाली आणि वडारी तेलुगूखाली मोजले जातात, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न आहे. त्यांच्याविषयी त्यांच्यातल्याच कुणी लिहावे असे मला वाटते, म्हणून येथे फक्त उल्लेख करतो.

यामुळे बिघडते काय, असे कुणी विचारेल. पहिले म्हणजे मराठवाड्याच्या जिल्ह्यांत हिंदी भाषकांची संख्या खरी नसलेली, फुगलेली दिसते. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि त्याबाबतचे शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले. अशा वादात जिल्ह्यात हिंदी भाषक किती, हा आकडा काढला गेला तर आमच्या तांड्याची लेकरे हिंदीच्या बाजूला उभी केली जातील. ती मुले हिंदीच्या बाजूची नाहीत आणि मराठीच्या विरुद्धही नाहीत.

दुसरे नुकसान अधिक खोल आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०क नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी ठरलेल्या योजनेत, जेथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे म्हटले आहे. जिंतूर, मंठा, किनवट, माहूर किंवा औंढा नागनाथ यांपैकी कोणत्या तालुक्यात तांड्यांची भाषा या टक्केवारीच्या जवळ जाते, हे पाहायचे कसे? ती बेरजेत हिंदी आहे, आणि हिंदीत सूचना काढल्या तर त्या तांड्यावरच्या म्हातारीला कळणार नाहीत. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जाती-जमातींत नाही, त्यामुळे २०११पर्यंतच्या स्वातंत्र्योत्तर जनगणनांत त्याची जात म्हणूनही शिरगणती झाली नाही. मातृभाषेची ओळ हीच त्याच्या संख्येची एकमेव सरकारी खूण होती आणि तीही तीन तुकड्यांत आहे.

तिसरी गोष्ट मराठवाड्याबाहेर सहज लक्षात येत नाही. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारी हा ऊसतोडणीचा भर हंगाम आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसह कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. संपूर्ण गणना काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. माझ्या गणना गटातील कित्येक घरांना कुलूप होते किंवा दारात फक्त म्हातारी माणसे होती. ती कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे फडातल्या कोप्यांत होती. तेथे कुणी मोजली असतील तर त्यांची मातृभाषा त्या जिल्ह्यांच्या तक्त्यात गेली, परभणीच्या नाही. तिकडच्या प्रगणकाने गोरमाटी हे नाव कधी ऐकले असेल का, आणि दिवसभर मोळ्या बांधून दमलेल्या माणसाने त्याला ते समजावून सांगितले असेल का, हे मी सांगू शकत नाही. येणाऱ्या जनगणनेची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे.

मराठी माणसाने हे का बोलावे, असे मला जवळच्या लोकांनी विचारले. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. घरी मराठी आणि शाळेत, कचेरीत, कोर्टात उर्दू. हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू होती, पण तिथल्या जनगणनेने मातृभाषेच्या रकान्यात राजभाषा भरली नाही. त्या तक्त्यांत तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे आणि मराठी बोलणारे सुमारे पाव दिसतात, उर्दू बोलणारे त्याहून कितीतरी कमी. राज्य पुनर्रचनेच्या वेळी कोणता जिल्हा कोणत्या भाषेचा, हे सांगता आले ते अशा आकड्यांमुळे, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. राजभाषा आणि मातृभाषा हे दोन वेगळे रकाने असण्याचा सर्वांत मोठा लाभ ज्या प्रदेशाला झाला, त्याच प्रदेशात आम्ही तांड्यावरच्या मुलापुढे डोळे मिटून 'मराठी' लिहितो, याची मला लाज वाटते. निजामाच्या कारकुनाने माझ्या आजीपुढे 'उर्दू' लिहिले असते तर आम्ही ते मान्य केले नसते.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट शब्दांत मांडतो.

आपल्या कार्यालयाने बंजारी, लमाणी, लंबाडी, सुगाली, गोरमाटी आणि गोरबोली ही नावे एका स्वतंत्र शीर्षकाखाली एकत्र करावीत आणि त्या शीर्षकाची बेरीज हिंदीत मिळवू नये. त्या शीर्षकाला कोणते नाव द्यावे, हे समाजातील लोकांना आणि या भाषेच्या अभ्यासकांना विचारून ठरवावे. हे लगेच शक्य नसेल, तर निदान जिल्ह्याच्या प्रत्येक सारांशात 'हिंदी' ही एकच संख्या न छापता 'हिंदी हे नाव सांगणारे' आणि 'हिंदीखाली गटवलेले' असे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत. त्यासाठी नवी गणना लागत नाही, २०११चे आकडे आपल्याकडे आहेतच.

या वेळी गणना मोबाइल ॲपवर होणार आहे आणि नागरिकांना स्वतः माहिती भरण्याचीही सोय असणार आहे. मातृभाषेसाठी निवडीची यादी दिली जाणार असेल, तर तीत वरची सर्व नावे देवनागरीत असावीत आणि यादीत नसलेले नाव टाइप करण्याची मोकळी जागा असावी. २०११ला माझ्याकडे निदान पेन होते, त्यामुळे आजीने सांगितलेला शब्द मी जसाच्या तसा लिहू शकलो. यादीत तो शब्द नसेल तर प्रगणकाचे बोट पहिल्या दिसणाऱ्या नावावर जाईल, आणि तशी चूक नंतर छाननीतही सापडणार नाही, कारण मूळ शब्द कुठे उरलेलाच नसेल. मराठवाड्यातील प्रगणकांच्या प्रशिक्षणात 'मातृभाषा म्हणजे राज्याची राजभाषा नव्हे' हे वाक्य लेखी स्वरूपात द्यावे, आणि मराठी येत असल्याची नोंद इतर भाषांच्या प्रश्नात करता येते हे घरातल्या माणसाला सांगणे प्रगणकाला बंधनकारक करावे. त्या तरुण बापाची भीती एका वाक्याने गेली असती, फक्त ते वाक्य माझ्यासारख्या गुरुजीने स्वतःच्या मनाने सांगण्याऐवजी सरकारने छापून द्यायला हवे होते.

ऊसतोड टोळ्यांसाठी कारखाना परिसरातील गणना गटांत स्वतंत्र प्रगणक नेमावेत, शक्यतो तांड्यावरचेच शिकलेले तरुण, आणि मातृभाषेचा एक तक्ता नेहमीच्या वास्तव्याच्या जिल्ह्याप्रमाणेही काढावा.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच आहे की येत्या जूनच्या प्रवेशापासून जनरल रजिस्टरमधील मातृभाषेचा रकाना पालकाला विचारून भरावा आणि तसे परिपत्रक काढावे. जे दाखले माझ्या हातून चुकीचे गेले त्यांची दुरुस्ती कुणाला हवी असेल, तर मुख्याध्यापकांना ती सोप्या अर्जावर करू द्यावी. अशा अर्जासोबत साक्षीदाराचे निवेदन लागणार असेल, तर मी ते लिहून द्यायला तयार आहे.

मातृभाषांची यादी अंतिम होण्यापूर्वी ती महाराष्ट्रातील जनगणना कार्यालयाच्या सूचना फलकावर आणि मराठवाड्यातील आठही जिल्हाधिकारी कार्यालयांत हरकतींसाठी लावावी आणि हरकतीसाठी किमान तीस दिवस द्यावेत, ही माझी शेवटची मागणी आहे. यादी लागली की ती घेऊन मी त्या तांड्यावर जाईन आणि त्या घरातल्या माणसांना वाचून दाखवीन. आजी आता नाही. सून आहे, आणि तिची थोरली मुलगी स्वतः शिक्षिका होण्याच्या तयारीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
तालुका जिंतूर, जिल्हा परभणी